जुन्या चोपड्या आणि मोडी पत्रं स्कॅन करतोय : टिफ, जेपेग की पीडीएफ?

गावभागकर (सांगली)

नमस्कार मंडळी. आमच्या पणजोबांची हळदीची पेढी होती. १९३१ ते १९५७ या काळातल्या रोजमेळ-खतावण्या, चौदा मोडी पत्रं आणि स्टँप पेपरवरचं एक खरेदीखत असा ऐवज माजघरातल्या ट्रंकेत होता. २०१९ च्या पुरात ट्रंक निम्मी बुडाली. चोपड्या गच्चीवर सावलीत पसरून वाळवल्या, पण शिलाई सुटली आणि बऱ्याच पानांवर पिवळट-तपकिरी डाग राहिले. सगळी मिळून अकराशेच्या आसपास पानं आहेत. पान साधारण ८ इंच रुंद, १३ इंच उंच.

आता पुन्हा पाणी यायच्या आत हे सगळं स्कॅन करून ठेवायचं ठरवलंय. एका स्कॅनिंगवाल्याकडे चाळीस पानं नमुन्याला दिली होती. त्यानं एकच पीडीएफ दिली, आकार ६ एमबी. स्क्रीनवर छान स्वच्छ दिसते, डागसुद्धा कमी वाटतात. धाकटा भाऊ म्हणतो हेच पुरे, व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवता येईल. चुलतभाऊ म्हणतो टिफच पाहिजे. स्कॅनिंगवाला म्हणतो टिफ देतो, पण पानामागे दर अडीचपट. नेमकं काय घ्यावं?

---

मिरज स्टुडिओ

दादा, डोळे झाकून टिफ घ्या, ६०० डीपीआयला. जेपेगच्या नादी लागू नका. जेपेग फाईल जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा तिची क्वालिटी कमी होत जाते. वीस वर्षं लग्नाचे फोटो करतोय, जुन्या जेपेगची काय अवस्था होते ते रोज बघतो. पीडीएफ ही छपाईची गोष्ट, साठवणुकीची नव्हे.

---

बापू तासगाव

गावभागकर, कुणबी नोंदीसाठी करताय का? आमच्या भावकीनं पण मोडी कागद शोधले मागल्या वर्षी. ऑनलाईन अर्जाला पीडीएफच लागते आणि साईज कमी लागते, टिफ घेतच नाही. मग उगं पैसे कशाला घालवता? पीडीएफच करा.

---

गावभागकर

बापू, नाही हो, अर्जासाठी नाही. घरच्या घरी जपून ठेवायचंय. पुढच्या पिढीला वाचता आलं पाहिजे एवढंच.

---

वेण्णाकाठ (सातारा)

गावभागकर, मी बरीच वर्षं जुन्या दप्तरांच्या स्कॅनिंगचं काम केलंय. मोडी रुमाल, जमाखर्च, सनदा असं सगळं. बापूंचा मुद्दा आधी मिटवते. अर्जाला लागते ती कचेरीतून मिळालेली प्रमाणित नक्कल. घरी स्कॅन केलेला कागद कुठल्याही फॉर्मॅटमध्ये असला तरी नकलेची जागा घेत नाही. तो वेगळा विषय आहे.

आता मूळ प्रश्न. टिफ, जेपेग आणि पीडीएफ हे एका रांगेतले तीन पर्याय नाहीत. टिफ आणि जेपेग म्हणजे चित्र. पीडीएफ म्हणजे पेटी. त्या पेटीत जेपेग असू शकतं, बिनतोटा म्हणजे काहीही टाकून न देता साठवलेलं चित्र असू शकतं, नाहीतर एकाच पानाचे दोन-तीन थर करून वेगवेगळ्या पद्धतीनं दाबलेले असू शकतात. पीडीएफ चांगली की वाईट हे पेटी उघडल्याशिवाय सांगता येत नाही.

तुमचा आकडा मात्र बोलका आहे. ८ × १३ इंचाचं पान रंगीत, ४०० डीपीआयला घेतलं तर ३२०० × ५२०० पिक्सेल होतात. एका पिक्सेलला तीन बाइट, म्हणजे न दाबलेलं पान जवळपास ५० एमबी. तुमच्याकडे आलंय पानाला १५० केबी. एवढं आकुंचन करताना काहीतरी टाकून दिल्याशिवाय जमत नाही. काय टाकलंय ते बघायला हवं. पॉपलर नावाची मोफत साधनं आहेत, विंडोजवरही चालतात. ती घेऊन हे चालवा आणि एखाद्या डागाळलेल्या पानाच्या ओळी इथे द्या:

```
pdfimages -list namuna.pdf
```

मिरज स्टुडिओ, एक दुरुस्ती. जेपेग नुसतं उघडून बंद केल्यानं काही बिघडत नाही, कॉपी केल्यानंही नाही. बदल करून पुन्हा सेव्ह केलं की बिघडतं. फिरवणं, कातरणं, उजेड वाढवणं, आणि व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवणं. तुमच्याकडे येणारे जुने फोटो अशा पाच-सात हातांतून आलेले असणार.

---

मिरज स्टुडिओ

बरोबर ताई, सेव्ह म्हणायला हवं होतं. पण ६०० डीपीआयबद्दल मी ठाम आहे.

---

वेण्णाकाठ

फोटोला आणि बारीक छापाला ६०० घ्या, माझी ना नाही. बोरूनं किंवा टाकानं लिहिलेल्या चोपडीला ४०० मध्ये रेघेची कड नीट येते. ६०० केलं की पान ११० एमबीच्या वर जातं आणि वाढलेल्या जागेत बहुतेक कागदाचे तंतूच जास्त दिसतात. अकराशे पानांचे ५५ जीबी आणि १२० जीबी यात घरच्या माणसाला फरक पडतो.

---

गावभागकर

ताई, चालवलं. बाकीचे रकाने गाळून पान १७ च्या ओळी देतोय:

```
page  num  type     width  height  enc    x-ppi  size
  17   32  image      800    1300  jpeg     100  74.1K
  17   33  stencil   2400    3900  jbig2    300  78.3K
```

एका पानाच्या दोन ओळी का आल्या?

---

वेण्णाकाठ

मला हीच शंका होती. स्कॅनरमध्ये ‘कॉम्पॅक्ट पीडीएफ’ किंवा ‘हाय कॉम्प्रेशन’ असा पर्याय असतो, तो चालू होता. यंत्रानं पान दोन थरांत फाडलंय. जे त्याला अक्षर वाटलं ते ३०० डीपीआयच्या निव्वळ काळ्या-पांढऱ्या साच्यात टाकलं, आणि कागद, डाग, शिक्के असं उरलेलं सगळं १०० डीपीआयच्या जेपेगमध्ये. म्हणून पान स्वच्छ दिसतं. टाईप केलेल्या पत्राला ही युक्ती चालते. पण फिकी शाई डागावर असेल तर ती अक्षर की डाग, हे यंत्र ठरवतं. डाग ठरवली की ती १०० डीपीआयच्या थरात जाऊन विरघळते.

दुसरी भीती साच्याच्या थरातली. जेबिग२ पद्धतीत एकसारखे दिसणारे आकार एकदाच साठवून सगळीकडे तोच वापरायची सोय आहे. २०१३ साली डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानं दाखवून दिलं की ऑफिसातल्या स्कॅनर-कॉपियरच्या प्रतींत आकडेच बदलत होते, ६ च्या जागी ८ येत होता, आणि अक्षर धुरकट नसल्यानं कुणाला संशयही येत नव्हता. `jbig2` दिसलं म्हणजे तसं झालंच असं नाही, त्याचा बिनतोटा प्रकारही आहे. पण या यादीवरून कुठला वापरला ते कळत नाही. मोडीत अक्षरं एकमेकांत गुंतलेली असतात, त्यामुळे तिथे अदलाबदलीचा धोका कमी. सुटे आकडे असलेल्या जमाखर्चात तो जास्त.

तुमच्याकडे तपासायचा सोपा मार्ग आहे. चोपडीत बेरजा लिहिलेल्या असतील. डागाळलेलं एक पान घ्या, पीडीएफवरून रकमा उतरवा, बेरीज करा आणि पणजोबांच्या बेरजेशी ताडून बघा. पाव, अर्धा, पाऊण दाखवणाऱ्या उभ्या रेघांकडे नीट बघा.

---

कऱ्हाडी

वेण्णाकाठ यांचं पटतंय, पण म्हणून लगेच टिफ हा निष्कर्ष मला मान्य नाही. मी सर्व्हर आणि बॅकअपचं काम करतो. थेट स्कॅनरमधून ९५ क्वालिटीचं जेपेग काढलं आणि पुन्हा कधी सेव्ह केलं नाही, तर चोपडीचा एकही आकडा हरवणार नाही. पान ८ एमबीच्या आसपास होईल, म्हणजे सगळं मिळून ९ जीबी. एवढं तीन भावांकडे तीन पेनड्राईव्हवर, शिवाय क्लाऊडवर सहज मावतं. ५५ जीबी झालं की लोक एकाच हार्ड डिस्कवर ठेवतात, ती कपाटात ठेवतात, आणि कपाट त्याच गावभागात असतं. सांगलीत पूर २००५ ला आला, २०१९ ला आला, २०२१ ला आला.

---

वेण्णाकाठ

कऱ्हाडी, प्रतींबद्दल तुमचं खरंच आहे. एक प्रत सांगलीबाहेर हवीच. तरी टिफच्या बाजूनं दोन गोष्टी सांगते. पहिली, डागाळलेल्या पानावर पुढे काम करावं लागतं. डागाचा पिवळा रंग बाजूला सारून फिकी शाई वर आणताना आपण रंगातले अगदी बारीक फरक ताणतो. जेपेग नेमके तेच फरक आधी टाकून देतं, कारण साध्या डोळ्याला ते दिसत नाहीत. ताणलं की शाईऐवजी ८ × ८ पिक्सेलचे चौकोन वर येतात. दुसरी, डिस्कवर एखादा बाइट बिघडला तर न दाबलेल्या टिफमध्ये एक ठिपका बिघडतो. जेपेगमध्ये तिथून खालचं बरंचसं पान रंग बदलतं किंवा सरकतं.

स्वच्छ पानांना मी जेपेगला नाही म्हणणार नाही. डागाळलेल्यांना टिफच.

---

कऱ्हाडी

दुसऱ्या मुद्द्यावर माझं उत्तर आहे की बिघडलेली फाईल दुरुस्त करत बसायचं नाही, दुसऱ्या प्रतीवरून आणायची. त्यासाठी प्रत्येक फाईलचा चेकसम, म्हणजे फाईलमधला एक बाइट बदलला तरी बदलणारा आकडा, काढून ठेवा आणि वर्षातून एकदा ताडून बघा. पहिला मुद्दा मी मान्य करतो. डागाळलेली पानं किती आहेत यावर सगळं अवलंबून आहे.

---

वाईची काकू

इथे विचारलं तर चालेल ना? माझ्या आईची वही होती. ओव्या, घरातल्या सगळ्यांच्या जन्मवेळा, कुणाला कुठलं औषध लागू पडलं ते, सगळं तिच्या हातचं. सांगलीतच होती, भावाकडे. २०१९ च्या पुरात लगदा झाली, काही उरलं नाही. त्याआधी भाच्यानं स्कॅन केली होती म्हणून पीडीएफ तेवढी आहे. ६२ पानं. ती आता टिफ करून ठेवू का? म्हणजे पुढे खराब होणार नाही.

---

वेण्णाकाठ

काकू, थांबा, काही बदलू नका. आधी त्या फाईलची एक प्रत करा आणि प्रतीवर वरची कमांड चालवून `enc` आणि `x-ppi` खाली काय येतंय ते सांगा.

---

गावभागकर

ताई, दोन दिवस लागले, पण तुम्ही सांगितलेली बेरीज केली. पान १७, १९३८ सालचं. पीडीएफवर रकमा अशा दिसतात: १२॥, ७। आणि १७॥. म्हणजे साडेबारा, सव्वासात, साडेसतरा. बेरीज सव्वासदतीस. खाली पणजोबांनी लिहिलंय ३७॥, साडेसदतीस. चार आण्यांचा फरक.

मग मूळ पान खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरलं. तिसरी रक्कम १७॥। आहे, पावणेअठरा. शेवटची उभी रेघ पुराच्या डागाच्या कडेवर आलीये. शाई तिथे पाण्यानं पसरून डागाच्याच रंगाची झालीये, पण टाकानं कागदावर पडलेली चीर दिसते. पीडीएफमध्ये तिथे नुसता गुळगुळीत पिवळा कागद आहे. बेरीज बरोबर, पणजोबा बरोबर, स्कॅन चूक.

भावाला दाखवलं. तो काही बोलला नाही, पण ते पान हातात घेऊन बराच वेळ बसला.

स्कॅनिंगवाल्याकडे परत गेलो, चाळीस पानांचे टिफ मागितले. अर्ध्या तासात दिले. प्रत्येक फाईल ५० एमबी. एवढ्या लवकर कसे झाले ते कळलं नाही.

---

वेण्णाकाठ

चार आण्यांची रेघ सापडली ते फार बरं झालं.

अर्ध्या तासात A3 स्कॅनरवर चाळीस सुटी, नाजूक पानं ४०० डीपीआयला नीट होत नाहीत. त्यांनी आधीच्या पीडीएफवरूनच टिफ केले असावेत. फाईलचा आकार आणि शेवटची तीन अक्षरं बदलली म्हणून आतला माल बदलत नाही. पान १७ चा टिफ ४०० टक्के मोठा करून तीच रक्कम बघा. खऱ्या स्कॅनमध्ये शाईची कड मऊ असते, रेघेच्या मध्ये गडद आणि बाजूला फिकी, कागदाचे तंतू शाईतूनही दिसतात. तुमच्याकडे कड कात्रीनं कापल्यासारखी आणि डागाच्या भागात चौकोन दिसले, तर तो पीडीएफचाच माल. चौकोनाची बाजू मोजा. १०० डीपीआयचा थर ४०० ला ताणला असेल तर ८ चा चौकोन ३२ पिक्सेलचा होतो.

---

गावभागकर

मोजले. ३१-३२ पिक्सेल. आणि शेवटची रेघ नाहीच.

---

मिरज स्टुडिओ

हे मला माहीत नव्हतं. मी कस्टमरला असे टिफ ‘कन्व्हर्ट करून’ दिलेत, वाटायचं क्वालिटी सुधारते. गावभागकर, माझ्याकडे A3 फ्लॅटबेड आहे. घेऊन या, तुम्ही शेजारी बसा, पानं तुम्हीच ठेवा. ताई, सेटिंग काय ठेवू?

---

वेण्णाकाठ

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधली आपोआप सुधारणा करणारी प्रत्येक गोष्ट बंद. अक्षर उठावदार करणं, पार्श्वभूमी काढणं, रंग परत आणणं, धूळ काढणं, सगळंच. फॉर्मॅट चुकण्यापेक्षा या खुणा चालू राहिल्यानं जास्त कागद बिघडलेले मी पाहिलेत, कारण मग टिफसुद्धा बिघडलेल्या चित्राचाच होतो. रंगीत, २४ बिट, ४०० डीपीआय, मोडी पत्रं आणि खरेदीखताचा शिक्का ६०० ला. एक पान, एक फाईल. फीडरमधून एकही पान घालू नका.

पाठीमागची शाई पुढे उमटत असेल तर पानामागे काळा कागद ठेवा. झाकणाचा पांढरा पत्रा मागची अक्षरं उजळून पुढे आणतो, काळा ती गिळतो. पानाच्या चारही कडा दिसू द्या, कातरू नका. समासात पेन्सिलीच्या खुणा असतात.

वाटायला पीडीएफ हवीच, ती या टिफवरून करा. आधी वाचण्यापुरतं जेपेग:

```
magick p017.tif -quality 85 p017.jpg
```

आणि मग सगळी पानं पेटीत. `img2pdf` जेपेगला हात न लावता जसंच्या तसं आत ठेवतं:

```
img2pdf p*.jpg -o rojmel-1938.pdf
```

---

कऱ्हाडी

यात एक सुचवतो. सगळी पानं टिफमध्ये घ्या, पण नंतर स्वच्छ पानांचे ९५ चे जेपेग करून फक्त डागाळलेल्यांचे टिफ ठेवा. जागा निम्म्याहून कमी होईल. टिफला एलझेडडब्ल्यू हे बिनतोटा आकुंचन लावलं तरी जुन्या दाणेदार कागदावर फार काही वाचत नाही.

---

वेण्णाकाठ

एकदा घेतलेले टिफ पुसायला माझा जीव होत नाही. आज स्वच्छ वाटणाऱ्या पानात उद्या काय शोधायचं असेल ते कसं सांगणार? पण डिस्क तुमची, निर्णय तुमचा.

---

गावभागकर

शनिवार-रविवारी मिरजेला बसलो. दोन दिवसांत चौदा पत्रं, खरेदीखत आणि १९३८ चा पूर्ण रोजमेळ झाला. पान १७ चा टिफ उघडून डागाचा पिवळा कमी केला आणि ती रेघ दिसली. अंधुक आहे, पण आहे. डागाळलेली पानं मोजली, तीनशे चाळीसच्या आसपास निघतात. त्यांचे टिफ ठेवायचेच. उरलेल्यांचं अजून ठरत नाहीये. भाऊ कऱ्हाडींच्या बाजूचा आहे, मी ताईंच्या. तोवर सगळे टिफ ठेवतोय. एक डिस्क इथे, एक बहिणीकडे पुण्याला.

---

वाईची काकू

ताई, मुलाकडून कमांड चालवून घेतली. प्रत्येक पानाला एकच ओळ येते. `enc` खाली `jpeg`, `x-ppi` खाली `200`. हे वाईट आहे का?

---

वेण्णाकाठ

काकू, चांगलं आहे. पान थरांत फाडलेलं नाही, पूर्ण चित्र आहे. २०० म्हणजे थोडं कमी, पण आता तेच मूळ आहे. त्याचं टिफ करून नवीन काही मिळणार नाही, फक्त फाईल फुगेल. पेटीतली चित्रं पुन्हा न दाबता तशीच बाहेर काढून ठेवा:

```
pdfimages -all aaichi-vahi.pdf pan
```

६२ फाईली तयार होतील. त्यांना फिरवू नका, उजळू नका, सेव्ह करू नका. काही करायचंच असेल तर प्रतीवर. आणि मूळ पीडीएफही राहू द्या.

---

वाईची काकू

झाल्या. ६२ मोजल्या. मुलानं त्याच्या, सुनेच्या आणि भाच्याच्या कॉम्प्युटरवर ठेवल्यात. ४१ व्या पानावर माझी जन्मवेळ आहे, पहाटे चार वाजून दहा मिनिटं. मोठं करून बघितलं, आकडे स्पष्ट आहेत.